भुंगेऱ्यांची पिढी आणि मॅट्रिक्सचा कल

१९४१ साली रंगूनहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ द बर्मा रिसर्च सोसायटी’मध्ये एच. बर्नार्डेली यांचा लोकसंख्येतल्या लाटांवरचा लेख आला. त्यात त्यांनी एका काल्पनिक भुंगेऱ्याचा हिशोब मांडला होता. हा भुंगेरा जास्तीत जास्त तीन वर्षं जगतो. पहिल्या वर्षातल्या माद्यांपैकी निम्म्या दुसऱ्या वर्षात जातात, दुसऱ्या वर्षातल्या एकतृतीयांश तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतात आणि तिसऱ्या वर्षातली प्रत्येक मादी सरासरी सहा नव्या माद्यांना जन्म देऊन मरते. नर हिशोबात धरायचे नाहीत.

कागद-पेन्सिल घेऊन हे करून बघण्यासारखं आहे. समजा, तिन्ही वयांच्या माद्या सुरुवातीला सहाशे-सहाशे आहेत. वर्षभराने पहिल्या वयात ३६००, दुसऱ्या वयात ३०० आणि तिसऱ्या वयात २०० माद्या होतील. आणखी वर्षाने १२००, १८०० आणि १००. त्याच्या पुढच्या वर्षी? पुन्हा ६००, ६००, ६००. तीन वर्षांत गाडी जिथून निघाली तिथेच परत येते आणि मग हेच चक्र चालू राहतं. एकूण संख्या १८००, ४१००, ३१०० आणि पुन्हा १८००. या भुंगेऱ्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे, असं कुणी विचारलं तर कुठल्या वर्षी विचारलं त्यावर उत्तर अवलंबून.

याच धाटणीचा विचार १९४२ मध्ये ई. जी. लुईस यांनी मांडला, तोही कलकत्त्याहून निघणाऱ्या, महालनोबिसांनी सुरू केलेल्या ‘संख्या’ या नियतकालिकात. १९४५ मध्ये ऑक्सफर्डच्या ‘ब्यूरो ऑफ अॅनिमल पॉप्युलेशन’मधल्या पी. एच. लेस्ली यांनी ‘बायोमेट्रिका’त त्याची सविस्तर मांडणी केली आणि आज त्या मॅट्रिक्सला लेस्लींचंच नाव आहे. मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या आकड्यांचा चौकोन. इथे तो पुढच्या वर्षाची संख्या काढण्याचा नियम आहे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आता बर्नार्डेलींच्या भुंगेऱ्यात मी एकच बदल करतो. दुसऱ्या वर्षातल्या मादीलाही सरासरी दोन नव्या माद्या होतात असं धरू. बाकी सगळं तसंच. नियमाचा चौकोन असा होतो:

```
०     २     ६
१/२   ०     ०
०     १/३   ०
```

पहिली ओळ जन्मांची आहे. पहिल्या वयाला शून्य, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला सहा. खालच्या दोन ओळी जगण्याच्या आहेत. या चौकोनाने आजच्या तीन आकड्यांना ‘गुणायचं’ म्हणजे हा नियम एकदा लावायचा आणि पुढच्या वर्षाचे तीन आकडे मिळवायचे.

पुन्हा सहाशे-सहाशेपासून सुरू करू. पहिल्या वर्षानंतर ४८००, ३००, २००. दुसऱ्या वर्षानंतर १८००, २४००, १००. मग ५४००, ९००, ८००. मग ६६००, २७००, ३००. एकूण संख्या १८००, ५३००, ४३००, ७१००, ९६००, ११४००, १६७००, २१०००, २८१०० अशी चालते. सुरुवातीला चाल बरीच धडपडीची आहे. पहिल्या वर्षी संख्या जवळजवळ तिप्पट होते, दुसऱ्या वर्षी चक्क घटते. पण दरवर्षीच्या एकूण संख्येला आदल्या वर्षीच्या संख्येने भागत गेलं तर आकडे असे येतात: २.९४, ०.८१, १.६५, १.३५, १.१९, १.४६, १.२६, १.३४. धडपड कमी कमी होत चालली आहे. हिशोब वीस वर्षं पुढे नेला तर विसाव्या वर्षी एकूण ८,२३,५०० माद्या असतात आणि त्या वर्षीची वाढ आहे १.३२४४ पट.

खरी गंमत वयांच्या वाटणीत आहे. दहाव्या वर्षी पहिल्या वयाच्या माद्या एकूण संख्येच्या ६७.२ टक्के आहेत, दुसऱ्या वयाच्या २६.३ आणि तिसऱ्या वयाच्या ६.५. विसाव्या वर्षी ६७.९, २५.६ आणि ६.४. संख्या दहा वर्षांत जवळजवळ सतरा पट झाली, तरी टक्के जेमतेम हलले. आणखी कितीही वर्षं गेली तरी ते आता ६७.९२, २५.६३ आणि ६.४५ यांच्याच जवळ राहणार. ही वाटणी एकदा जमली की नियम लावल्यावर तिचा आकार बदलत नाही, फक्त तिन्ही आकडे एकाच पटीने वाढतात. अशा न बदलणाऱ्या वाटणीला त्या मॅट्रिक्सचा आयगेनव्हेक्टर म्हणतात आणि ती ज्या पटीने वाढते त्या आकड्याला आयगेनव्हॅल्यू. इथे तो आकडा १.३२४७ आहे. म्हणजे हे भुंगेरे शेवटी दरवर्षी साडेबत्तीस टक्क्यांच्या आसपास वाढतात.

आणि आपण तो आकडा कसा मिळवला? समीकरण सोडवलं नाही, निर्धारक काढला नाही. नियम लावला, आलेल्या उत्तराला पुन्हा तोच नियम लावला आणि हे करत राहिलो. या रीतीला पॉवर इटरेशन म्हणतात, कारण मॅट्रिक्सचा घात वाढवत नेण्यासारखंच हे काम आहे. संगणकावर करताना दर पावलाला आलेल्या आकड्यांना त्यांच्या बेरजेने भागून टक्केवारीत आणतात, नाहीतर आकडे फुगत फुगत यंत्राच्या मर्यादेबाहेर जातात, किंवा आयगेनव्हॅल्यू एकाहून लहान असेल तर विरून शून्य होतात. उत्तराला त्याने काही फरक पडत नाही, कारण आपल्याला वाटणीचा आकार हवा असतो. १९२९ मध्ये रिचर्ड फॉन मिझेस आणि हिल्डा पोलाचेक-गायरिंगर यांनी समीकरणं सोडवण्याच्या व्यावहारिक रीतींवर जे काम प्रसिद्ध केलं, त्यात ही रीत नीट मांडलेली आहे.

ती चालते का, हे कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपल्या तीन ओळींच्या मॅट्रिक्सला एक नाही, तीन आयगेनव्हॅल्यू आहेत आणि प्रत्येकीची आपापली वाटणी आहे. सुरुवातीचे सहाशे-सहाशे हे आकडे या तीन वाटण्यांचं मिश्रण म्हणून लिहिता येतात. दरवर्षी नियम लावला की प्रत्येक घटक आपापल्या आयगेनव्हॅल्यूने गुणला जातो, एकमेकांत न मिसळता. सगळ्यांत मोठी आयगेनव्हॅल्यू १.३२४७. बाकीच्या दोन कॉम्प्लेक्स संख्यांची जोडी आहेत. त्यांचा आकार, म्हणजे शून्यापासूनचं अंतर, सहज काढता येतो. या मॅट्रिक्सच्या तिन्ही आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार १ येतो, तेव्हा उरलेल्या दोघींचा गुणाकार १ भागिले १.३२४७, आणि त्याचं वर्गमूळ ०.८६९. म्हणजे मुख्य घटक दरवर्षी १.३२४७ पट होतो, त्याच वेळी बाकीचे दोन आकसून ०.८६९ पट होतात. मुख्य घटकाच्या तुलनेत त्यांचं वजन दरवर्षी ०.८६९ भागिले १.३२४७, म्हणजे ०.६५६ पट उरतं. एका वर्षात सुमारे एकतृतीयांश अशुद्धी गळून जाते.

हाच अभिसरणाचा वेग. दुसऱ्या क्रमांकाच्या आयगेनव्हॅल्यूला पहिलीने भागायचं, आकार तेवढा बघायचा, चिन्ह सोडून द्यायचं. पहिली आयगेनव्हॅल्यू स्वतः किती मोठी आहे याला इथे महत्त्व नाही. समजा, मी मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा शंभरपट केला, तर सगळ्या आयगेनव्हॅल्यू शंभरपट होतील, पण गुणोत्तर ०.६५६ तेवढंच राहील आणि पावलंही तेवढीच लागतील. दुसरी पहिलीच्या किती मागे आहे, एवढंच वेग ठरवतं. गुणोत्तर ०.१ असेल तर दर पावलाला एक दशांश स्थळ पक्कं होतं. ०.६५६ असेल तर साडेपाच पावलांना एक. आणि ०.९९ असेल तर तेवढ्याच एका स्थळासाठी सुमारे २२९ पावलं.

हे पडताळून बघता येतं. आपल्या भुंगेऱ्यांच्या दहाव्या वर्षीची वाढ १.३०२४ आहे, खऱ्या आकड्यापासून ०.०२२३ दूर. ०.६५६ चा दहावा घात ०.०१४७ आहे. तेव्हा विसाव्या वर्षी चूक ०.०००३३ च्या आसपास असायला हवी. प्रत्यक्षात ती ०.०००३४ आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. वर जी पडताळणी केली, ती खरं उत्तर माहीत असल्यामुळे जमली. ज्याच्या मॅट्रिक्समध्ये तीन नाही, तीन हजार ओळी आहेत आणि खरी आयगेनव्हॅल्यू कुणालाच ठाऊक नाही, त्याने थांबायचं कधी? बहुतेक जण लागोपाठची दोन उत्तरं बघतात. ती जवळजवळ सारखी आली की पोचलो असं मानून थांबतात. या सवयीचा धोका आपल्याच भुंगेऱ्यांत दिसतो. आठव्या वर्षी संख्या २८१०० आहे, नवव्या वर्षी ३७७००, दहाव्या वर्षी ४९१००. वाढ आठव्या वर्षी १.३३८१, नवव्या वर्षी १.३४१६. दोन्हींत फरक फक्त ०.००३५. शंभरांशापर्यंत उत्तर हवं असणारा माणूस इथे समाधानाने १.३४ लिहून मोकळा होईल. पण दहाव्या वर्षी वाढ १.३०२४ वर घसरते. १.३४ हे उत्तर दीड शतांशाने चुकलेलं होतं आणि शेजारच्या दोन आकड्यांच्या सारखेपणाने ते झाकलं होतं.

असं का होतं? मागे राहिलेली जोडी कॉम्प्लेक्स आहे. तिचा घटक दर पावलाला लहान होतोच, शिवाय वळतोही, सुमारे १४० अंशांनी. म्हणून आपलं उत्तर खऱ्या आकड्याच्या कधी वर जातं, कधी खाली, आणि त्या वर-खाली होण्याला साधा सम-विषम क्रमही नसतो. वळत वळत कधीतरी दोन लागोपाठची उत्तरं योगायोगाने शेजारी पडतात. याउलट अडचणही असते. मागची आयगेनव्हॅल्यू साधी धन संख्या असून पहिलीच्या अगदी जवळ असेल, समजा गुणोत्तर ०.९९, तर उत्तर एकाच दिशेने मुंगीच्या पावलाने सरकतं. शेवटच्या पावलात ते ०.००१ ने हललं असेल तर पुढची सगळी सरक मिळून त्याच्या ९९ पट, म्हणजे जवळपास ०.१ बाकी असते. पावलाची लांबी आणि उरलेलं अंतर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वेगाचा अंदाज हाताशी नसेल तर एकीवरून दुसरी कळत नाही.

आपल्यासारख्या, ज्यात उणे आकडे नाहीत अशा मॅट्रिक्ससाठी एक फार चांगली तपासणी आहे आणि तिला एक पैशाचा जादा हिशोब लागत नाही. एकूण संख्येची वाढ न बघता प्रत्येक वयाची वाढ वेगळी काढायची. आठव्या वर्षी १९२००, ६९०० आणि २००० माद्या आहेत, नवव्या वर्षी २५८००, ९६०० आणि २३००. पहिलं वय १.३४४ पट झालं, दुसरं १.३९१ पट, तिसरं फक्त १.१५ पट. वाटणी खरोखर स्थिरावली असती तर हे तिन्ही आकडे सारखे असते. ते इतके फाकलेले आहेत, म्हणजे आपण अजून पोचलेलो नाही. एकूण संख्येने जे लपवलं ते इथे उघडं पडतं.

शिवाय यात एक पक्की हमी आहे. कुठल्याही क्षणी, सगळ्या वयांत काही ना काही संख्या असेल, तर मुख्य आयगेनव्हॅल्यू या गुणोत्तरांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या यांच्या मध्येच असते. लोथार कोलात्झ आणि हेल्मुट वीलांट या दोन जर्मन गणितज्ञांच्या नावाने हा निष्कर्ष ओळखला जातो. त्यामुळे नवव्या वर्षी प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं की उत्तर १.१५ ते १.३९१ च्या दरम्यान आहे. दहाव्या ते अकराव्या वर्षी ही पट्टी १.२७९ ते १.३६४ होते. एकोणिसाव्या ते विसाव्या वर्षी १.३२३९ ते १.३२५८. आता मात्र १.३२५ हे उत्तर साधारण हजारांशाच्या फरकाने बरोबर आहे, असं छातीठोकपणे सांगता येतं आणि त्यासाठी खरा आकडा माहीत असण्याची गरज पडत नाही.

याच पट्टीवरून वेगही निघतो. दहाव्या वर्षानंतर तिची रुंदी ०.०८४६ होती, त्यानंतर नऊ पावलांनी ०.००१९४. म्हणजे नऊ पावलांत ती साधारण चव्वेचाळीस पट अरुंद झाली. नववं मूळ काढलं की दर पावलाला ०.६५७ पट असा वेग मिळतो. मघाशी आयगेनव्हॅल्यूंवरून काढलेला आकडा ०.६५६ होता. एकाच पावलाचं गुणोत्तर घेतलं असतं तर वळणाऱ्या जोडीमुळे ते वेडंवाकडं आलं असतं. अनेक पावलांची सरासरी घेणं इथे आवश्यक आहे, आणि ही सरासरी बेरजेची नाही, गुणाकाराची. वेग एकदा हाती आला की पुढचं भाकीत सोपं होतं. सहा दशांश स्थळं हवी असतील तर आणखी किती पावलं लागतील, हे आधीच सांगता येतं.

उणे आकडे असलेल्या मॅट्रिक्सला ही हमी लागू होत नाही. तिथे शिल्लक बघतात. आलेल्या वाटणीला नियम लावायचा, त्यातून ती वाटणी गुणिले अंदाजी आयगेनव्हॅल्यू वजा करायची आणि काय उरतं ते मोजायचं. शून्याजवळ उरलं तर ठीक. उत्तरं हलायची थांबली का, यापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला, कारण तो थेट व्याख्येलाच हात घालतो.

आता बर्नार्डेलींच्या मूळ भुंगेऱ्यांचं काय झालं ते सांगता येईल. त्यांच्या मॅट्रिक्सच्या तिन्ही आयगेनव्हॅल्यूंचा आकार १ आहे. एक साधी १ आणि बाकीच्या दोन एकाच्या कॉम्प्लेक्स घनमुळांची जोडी. गुणोत्तर १ भागिले १. अशुद्धी कधी कमीच होत नाही, फक्त फिरत राहते, म्हणून तीन वर्षांचं चक्र. पट्टीही मिटत नाही. पहिल्या वर्षी वयांची वाढ सहापट, निम्मी आणि एकतृतीयांश होती, आणि तीन वर्षांनी पुन्हा तीच. पेरॉन यांनी १९०७ मध्ये आणि फ्रोबेनियस यांनी १९१२ मध्ये सिद्ध केलेलं प्रमेय सांगतं की मॅट्रिक्समधले सगळे आकडे धन असतील तर एकच आयगेनव्हॅल्यू बाकीच्यांपेक्षा काटेकोरपणे मोठी असते. काही आकडे शून्य असले की ही खात्री राहीलच असं नाही. मूळ भुंगेऱ्यात जन्म फक्त तिसऱ्या वयात होते, त्यामुळे प्रत्येक वंशाची फेरी बरोबर तीन वर्षांची होती. दुसऱ्या वयात जन्म सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या फेऱ्याही आल्या. दोन आणि तीन यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नाही. चक्राची लय मोडली ती तिथे.

अडलेली गाडी सोडवायला एक सुंदर युक्ती आहे. नियम लावून जे आकडे येतील त्यांत आदले आकडे तसेच मिळवायचे. गणिताच्या भाषेत, मॅट्रिक्सच्या कर्णावर १ मिळवायचा. वाटण्या त्याच राहतात, पण प्रत्येक आयगेनव्हॅल्यू एकने सरकते. १ ची होते २. फिरणाऱ्या जोडीत १ मिळवला की त्या दोघी उणे अर्ध्यापासून अधिक अर्ध्याकडे येतात आणि त्यांचा आकार राहतो बरोबर १. गुणोत्तर १ चं थेट अर्ध्यावर आलं! सहाशे-सहाशेपासून निघालं तर ४२००, ९००, ८०० येतात, मग ९०००, ३०००, ११००, मग १५६००, ७५००, २१००, मग २८२००, १५३००, ४६००, मग ५५८००, २९४००, ९७००. पाचव्या पावलाला वाटणी ५८.८, ३१.० आणि १०.२ टक्के झाली. खरी वाटणी ६०, ३० आणि १०. एकूण वाढ १.९७ पट, त्यातून मिळवलेला १ वजा केला की ०.९७, खरी आयगेनव्हॅल्यू १. दोन-चार पावलं आणखी टाकली की झालं.

हीच सरक बदललेल्या भुंगेऱ्यांनाही उपयोगी पडते. त्यांच्या मॅट्रिक्समध्ये १ नाही, ०.५ मिळवला तर गुणोत्तर ०.६५६ वरून ०.३२ वर येतं, म्हणजे साडेपाचऐवजी दोनच पावलांत एक दशांश स्थळ. मात्र सरक घेतली की पावलं ही वर्षं राहत नाहीत. मूळ भुंगेऱ्यांच्या जगात ६०-३०-१० ही वाटणी आपोआप कधीच येत नाही, तिथे लाटाच येतात. हिशोब स्थिरावला म्हणून निसर्ग स्थिरावला असं समजायचं कारण नाही. सरक न घेतलेल्या मॅट्रिक्समध्ये मात्र गुणोत्तराला थेट अर्थ असतो. वाटणीला एखादा धक्का बसला, समजा एका वर्षी पिल्लंच जगली नाहीत, तर ती पूर्वपदावर यायला किती वर्षं लागतील, ते हे गुणोत्तर सांगतं.

सुरुवात कुठून करायची, याबद्दलही दोन शब्द. सगळी वयं धन ठेवली की या प्रकारच्या मॅट्रिक्समध्ये मुख्य घटक मिश्रणात असतोच. पण समजा, मी भुंगेऱ्यांना चौथं, जन्म न देणारं वय जोडलं आणि फक्त त्याच वयाच्या माद्यांपासून सुरुवात केली, तर पुढच्या वर्षी सगळे शून्य. मुख्य घटक सुरुवातीलाच नव्हता, तेव्हा तो वाढणार कसा? मोठ्या मॅट्रिक्समध्ये असा घटक शून्य नसला तरी अगदी बारीक असू शकतो. मग बराच काळ दुसऱ्या आयगेनव्हॅल्यूवरच उत्तर बसल्यासारखं दिसतं आणि अचानक हलू लागतं. म्हणून जाणकार दोन-तीन वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन बघतात.

या आकड्यावर प्रत्यक्षात निर्णय होतात. १९८७ मध्ये क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लॉगरहेड समुद्री कासवांसाठी सात टप्प्यांचं असंच मॅट्रिक्स मांडलं. मुख्य आयगेनव्हॅल्यू ०.९४५ आली, म्हणजे कासवं दरवर्षी पाच-साडेपाच टक्क्यांनी घटत होती. मॅट्रिक्समधले आकडे एकेक करून बदलून बघितल्यावर त्यांना दिसलं की किनाऱ्यावरची सगळी अंडी वाचवली तरी हा आकडा १ च्या वर जात नाही. मोठ्या वाढत्या वयाच्या कासवांचं मरण कमी केलं तर मात्र जातो. कोळंबीच्या जाळ्यांतून कासवांना बाहेर पडायला वाट ठेवणाऱ्या साधनांच्या बाजूने हा हिशोब मोठा आधार ठरला.

तीन किंवा सात ओळींच्या मॅट्रिक्ससाठी इतर रीतीही आहेत, आणि त्या अनेकदा झटपट असतात. पॉवर इटरेशन विशेष उपयोगी पडतं ते मॅट्रिक्स अवाढव्य आणि बहुतांशी शून्यांनी भरलेलं असतं तेव्हा. गूगलच्या मुळाशी असलेलं पेजरँक हे त्याचं ठळक उदाहरण. लॅरी पेज, सर्गेई ब्रिन आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी वेबपानांना दिलेलं महत्त्व म्हणजे दुव्यांपासून बनवलेल्या मॅट्रिक्सचा मुख्य आयगेनव्हेक्टरच. मुख्य आयगेनव्हॅल्यू तिथे आधीच माहीत असते, ती १. शोधायची असते ती वाटणी. ३२ कोटी २० लाख दुव्यांच्या संग्रहावर सुमारे ५२ फेऱ्यांत ती पुरेशी स्थिरावली, असं त्यांनी लिहिलं आहे.

एवढ्या मोठ्या मॅट्रिक्सला एवढ्या थोड्या फेऱ्या पुरतात, कारण तिथे गुणोत्तर माणसाने ठरवून दिलेलं आहे. दुव्यांवरून फिरणारा वाचक ०.८५ संभाव्यतेने पानावरचा एखादा दुवा उघडतो आणि उरलेल्या ०.१५ वेळा कुठल्याही पानावर उडी मारतो, असं धरलेलं असतं. या उडीमुळे दुसरी आयगेनव्हॅल्यू ०.८५ च्या वर जाऊच शकत नाही, पानं कितीही असोत. स्टॅनफर्डमधल्याच हावेलीवाला आणि कामवार यांनी २००३ मध्ये हे सिद्ध केलं. ०.८५ चा ५२ वा घात सुमारे ०.०००२ आहे. उडी कमी करून ०.८५ च्या जागी ०.९९ घेतलं तर महत्त्वाची वाटणी दुव्यांच्या खऱ्या रचनेशी अधिक इमान राखेल, पण तेवढ्याच अचूकतेला ५२ च्या जागी साडेआठशेच्या आसपास फेऱ्या लागू शकतात, आणि दर फेरीला सगळेच्या सगळे दुवे पुन्हा वाचावे लागतात.